आईच्या जुलाबांविषयी

पुणे, गुरुवार रात्र

ती. बाबा आणि आईस,
शि. सा. न.

काल आई फोनवर "काही नाही गं, जरा पोट ढिलं आहे" म्हणाली आणि मागून बाबा म्हणाले, "सहा वेळा जाऊन आली." म्हणून आज दुपारी रेडिएशन विभागातल्या सिस्टरांशी बोलले. त्यांनी सांगितलं ते नीट लिहून पाठवते, फोनवर आई अर्ध्यातच विषय बदलते.

आधी हे का होतंय ते. गर्भाशयमुखावर दिलेले किरण आतड्याच्या काही भागातूनही जातात. आतड्याचं आतलं अस्तर दर थोड्या दिवसांनी नवं होत असतं, ते काम किरणांनी मंदावतं आणि पाणी शोषलं जात नाही. २५ बैठका संपून दहा दिवस झाले, तरी त्रास लगेच थांबणार नाही. शेवटच्या बैठकीनंतर साधारण दोन ते सहा आठवड्यांत तो ओसरतो. म्हणजे आई, तू काही चुकीचं खाल्लंस असं नाही. पण "रेडिएशनमुळे होणारच" म्हणून गप्प बसायचंही नाही.

किती वेळा झालं, हे तुझ्या नेहमीच्या सवयीशी ताडून बघायचं. तुला एरवी दिवसातून एकदा होते. सोमवारी तीनदा, मंगळवारी चारदा झालं, तोवर खाणं बदलून लक्ष ठेवणं चाललं असतं. काल सहा वेळा, त्यातल्या दोन झोपेतून उठून. नेहमीपेक्षा चार किंवा जास्त वेळा झालं की कळवायचं, असं त्यांनी आम्हाला आधी सांगितलं होतं. काल पाच जास्त होत्या, तेव्हा फोन कालच व्हायला हवा होता. शिवाय रेडिएशनबरोबर सिस्प्लॅटिनची सलाईनं झाली आहेत. अंगातलं पाणी कमी झालं तर त्या औषधाने आधीच दमलेल्या मूत्रपिंडांवर ताण येतो, आणि पांढऱ्या पेशी कमी असल्या तर साधा संसर्गही अंगावर येतो. म्हणून उद्या सकाळी तालुक्याला जाऊन क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि रक्तपेशींची तपासणी करायची. चिठ्ठी बाबांच्या फोनवर पाठवली आहे.

बाबा, ओआरएसची पुडी तुम्ही पेल्यात अर्धी घालता असं आई म्हणाली. तसं नको. मोठी पुडी एक लिटरची असते, ती पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच विरघळवायची. दाट झालं तर मीठ-साखर जास्त होऊन जुलाब वाढतात. दिवसभर घोटघोट द्या आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी ओतून टाका. आपल्या दारच्या शहाळ्याने चव बदलेल, पण त्यात सोडियम कमी असतं, त्यामुळे ते ओआरएसच्या ऐवजी नव्हे.

खाण्यात उकड्या तांदळाची पेज मीठ घालून, मऊ भात, सालं काढून शिजवलेला बटाटा, पिकलं केळं, बांगड्याऐवजी वाफवलेला पापलेटचा तुकडा. बांगडा तेलकट. तेलकट नको याला कारण आहे: लहान आतड्याचा शेवटचा भाग दुखावला की पित्त परत शोषलं जात नाही, ते मोठ्या आतड्यात जाऊन पाणी ओढतं, आणि तूप-नारळ खाल्लं की पित्त आणखी सुटतं. म्हणून सोलकढी काही दिवस बंद. (मला माहीत आहे, हे वाचून आई चिडेल.) दूधही तात्पुरतं बंद, कारण ते पचवणारा रस अस्तरातच तयार होतो. पातळ ताक बहुतेकांना चालतं. कुळीथ, पालेभाजी, कच्ची काकडी, फणस आणि चार-चार कप चहा नंतर.

जुलाब थांबवायची लोपेरामाईडची गोळी दुकानातून आणून देऊ नका. ताप किंवा रक्त असेल तर ती उलट घातक ठरू शकते. विभागातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितली तरच. आईची बीपीची गोळी, त्यातही लघवी जास्त करणारी, चालू ठेवायची का हेही उद्याच विचारा.

आता लगेच निघायचं केव्हा: ताप १००.४ किंवा वर, शौचातून रक्त, पोटात न थांबणारी कळ, ओआरएसही उलटून पडणं, सहा-आठ तास लघवी नाही किंवा गडद थोडीशी, उठताना अंधारी. यातलं एकही असेल तर सकाळची वाट बघू नका, रात्रीही विभागाच्या कार्डावरच्या नंबरवर फोन करा आणि गाडी काढा.

आई, लाजू नकोस. वही न्हाणीघराच्या खिडकीत ठेव, प्रत्येक वेळी एक रेघ ओढ, रक्त दिसलं तर शेजारी "र" लिही. आणि सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा असं सुरू झालं, तर ज्या डॉक्टरांकडे जाशील त्यांना "मला कमरेखाली रेडिएशन झालं आहे" हे पहिल्यांदा सांग. पित्त न शोषल्याचं वेगळं औषध असतं, आणि शौचाच्या जागेतून तपासणी करताना तिथला तुकडा काढायचा का, हे त्यांना ते कळल्यावरच ठरवता येतं.

लिटरच्या खुणा असलेली बाटली आणि पुड्या शनिवारच्या गाडीने येतील. बाबा, उद्याचा रिपोर्ट हातात आला की आधी विभागाला पाठवा, मग मला.

तुमची बाय