कॅमेरा वाय-फायला न जोडता पासवर्डला दोष देणाऱ्या ॲपबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : सुरक्षा कॅमेऱ्याची पहिली जोडणी करताना ॲप देत असलेला चुकीचा संदेश आणि कॅमेऱ्याचे पासवर्ड नसलेले तात्पुरते नेटवर्क

महोदय/महोदया,

दारावर लावण्यासाठी आपल्या कंपनीचा वाय-फाय कॅमेरा मी घेतला. कॅमेरा आता व्यवस्थित चालतो, चित्रही चांगले आहे. पण तो वाय-फायला जोडताना आपल्या ॲपने मला जे सांगितले ते चुकीचे होते, आणि हेल्पलाइनने त्यावरच विश्वास ठेवला. माझ्यासारख्या इतर ग्राहकांनाही हेच भोगावे लागत असणार, म्हणून सगळे सविस्तर लिहीत आहे.

माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे कॅमेरा सुरू केला. दिवा लुकलुकू लागला आणि कॅमेऱ्याचे तात्पुरते नेटवर्क फोनच्या यादीत दिसले. ॲपने सांगितले, 'फोन या नेटवर्कला जोडा आणि परत ॲपमध्ये या.' मी तसे केले. घरच्या वाय-फायचे नाव निवडले, पासवर्ड टाकला. चक्र बराच वेळ फिरले आणि संदेश आला : 'कॅमेरा जोडता आला नाही. वाय-फायचा पासवर्ड तपासा.' पुन्हा केले, पुन्हा तेच.

पासवर्ड बरोबर होता. तोच पासवर्ड टाकून लॅपटॉप लगेच जोडला गेला. आपल्या कॅमेऱ्याला फक्त २.४ गिगाहर्ट्झचे वाय-फाय चालते हे खोक्यावर लिहिले आहे. राउटरवर ते चालू होते आणि मी तेच निवडले होते. मग मी राउटरच्या पानावर जाऊन जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली. कॅमेरा तिथे नव्हताच. दिवाही पूर्वीसारखाच लुकलुकत होता, म्हणजे कॅमेरा अजून माहितीची वाटच पाहत होता. ज्या पासवर्डला ॲप चूक ठरवत होते, तो कॅमेऱ्यापर्यंत गेलेलाच नव्हता.

खरे कारण फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये सापडले. कॅमेऱ्याच्या नेटवर्कखाली 'जोडले आहे, इंटरनेट नाही' असे लिहिले होते आणि वर मोबाइल डेटाचे चिन्ह चालू होते. अँड्रॉइड फोन कुठल्याही वाय-फायला जोडला की तिथून इंटरनेट मिळते का हे तपासतो. मिळाले नाही, तर वाय-फाय जोडलेले दिसत असतानाही ॲपची वाहतूक मोबाइल डेटावरून जाऊ लागते. कॅमेऱ्याच्या तात्पुरत्या नेटवर्कवर इंटरनेट असण्याचा प्रश्नच नाही, ते फक्त फोन आणि कॅमेरा यांच्यात बोलणे व्हावे म्हणून असते. त्यामुळे ॲपने कॅमेऱ्यासाठी पाठवलेला निरोप मोबाइल कंपनीच्या जाळ्यात गेला आणि तिथे हरवला. मी मोबाइल डेटा बंद केला, 'इंटरनेट नसले तरी याच नेटवर्कवर राहा' हा पर्याय निवडला आणि पुन्हा पासवर्ड पाठवला. या वेळी दिवा स्थिर झाला आणि राउटरच्या यादीत कॅमेरा दिसू लागला.

तरीही ॲपने 'जोडता आला नाही, पासवर्ड तपासा' असेच सांगितले! पासवर्ड मिळाल्यावर कॅमेरा आपले तात्पुरते नेटवर्क बंद करून घरच्या वाय-फायवर जातो. मग फोनलाही तिथे परत यावे लागते, कारण कॅमेरा जोडला गेल्याची खबर ॲपला आपल्या सर्व्हरकडून, म्हणजे इंटरनेटवरून मिळते. माझा फोन घरच्या वाय-फायवर परतेपर्यंत ॲपमधली उलटी गिनती संपली होती. ॲपने जोडणी फसली असे ठरवून मला पुन्हा सुरुवातीला नेले. तोवर कॅमेरा जोडणीच्या स्थितीतून बाहेर पडला होता, त्यामुळे त्याचे तात्पुरते नेटवर्क सापडेना. रीसेटचे बटण दाबून धरून सगळे पहिल्यापासून करावे लागले. शेवटी दिवा स्थिर होताच मी स्वतः घरचे वाय-फाय निवडले, तेव्हा कुठे ॲपने कॅमेरा ओळखला.

हेल्पलाइनवरच्या ताई सौजन्याने बोलल्या, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण त्यांच्यापुढेही ॲपचाच संदेश होता. त्यांनी ॲप काढून पुन्हा टाकायला, राउटर बंद-चालू करायला आणि शेवटी घरच्या वाय-फायचा पासवर्डच बदलायला सांगितले. तो बदलला असता तर घरातले प्रत्येक उपकरण नव्याने जोडत बसावे लागले असते आणि कॅमेरा तरीही जोडला गेला नसता. मोबाइल डेटा चालू आहे का, हा एक प्रश्न कुणी विचारला असता तर काम तिथेच झाले असते.

हा दोष फोनवर ढकलता येणार नाही. अँड्रॉइड १० पासून ॲपला अशा उपकरणाचे नेटवर्क स्वतः मागून घेता येते आणि आपली वाहतूक त्याच नेटवर्कवरून पाठवता येते. इंटरनेट नसलेल्या उपकरणांच्या जोडणीसाठीच ती सोय आहे. आपले ॲप मात्र ग्राहकाला सेटिंगमध्ये पाठवते आणि पुढचे फोनवर सोडून देते. आयफोनवरही संदेशाची तीच गत आहे. तिथे iOS १४ पासून 'स्थानिक नेटवर्क'ची परवानगी लागते. घरातल्या आयफोनवर ती नाकारून पाहिली, तर परवानगीचा उल्लेखही नाही, पुन्हा 'पासवर्ड तपासा'!

नेटवर्क सापडले नाही, पासवर्ड जुळला नाही, राउटरकडून पत्ता मिळाला नाही, सर्व्हरपर्यंत पोहोचता आले नाही, या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण कुठे अडकलो हे कॅमेऱ्याला कळत असते. जोडणी फसली की त्याने तात्पुरते नेटवर्क पुन्हा सुरू करून नेमके कारण ॲपला सांगावे. आणि कॅमेऱ्याशी बोलणेच झाले नसेल, तर ॲपने तसे स्पष्ट म्हणावे, पासवर्डचे नाव घेऊ नये.

यापेक्षाही गंभीर वाटलेली एक बाब. कॅमेऱ्याच्या तात्पुरत्या नेटवर्कला पासवर्ड नाही. मी घरातला दुसरा फोन घेऊन दाराबाहेर उभी राहिले आणि तो काहीही न विचारता जोडला गेला. याच नेटवर्कवरून माझ्या घरच्या वाय-फायचा पासवर्ड कॅमेऱ्याकडे जातो. उघड्या नेटवर्कवर वाय-फायकडून कसलेही कूटबंधन होत नाही. ॲपने स्वतः केले नसेल, तर तो पासवर्ड आसपासच्या कुणालाही टिपता येईल. जोडणी फसत राहते तितका वेळ हे नेटवर्क उघडे राहते, म्हणजे पहिल्या दोषाने दुसऱ्याचा धोका वाढतो. घराच्या सुरक्षेसाठी विकलेल्या वस्तूत हे मला मान्य नाही. प्रत्येक कॅमेऱ्याचा वेगळा पासवर्ड त्याच्या तळाच्या लेबलवर छापणे कंपनीला अवघड नसावे.

मला पैसे परत नकोत. घरच्या वाय-फायचा पासवर्ड कूटबद्ध होऊन जातो की नाही, याचे लेखी उत्तर हवे. ॲपमधली दुरुस्ती कधी येणार हेही कळवावे. ती येईपर्यंत माहितीपत्रकात आणि ॲपच्या त्या पानावर 'जोडणीपूर्वी मोबाइल डेटा बंद करा, दिवा स्थिर झाल्यावर घरच्या वाय-फायवर परत या' एवढे तरी छापावे आणि हेल्पलाइनच्या कर्मचाऱ्यांनाही ते सांगावे. ॲपच्या संदेशांची आणि राउटरच्या यादीची चित्रे सोबत जोडली आहेत.

आपली,
एक ग्राहक