विषय: अपडेटने डेस्कटॉपचा आवाज परस्पर दुसऱ्या ट्रॅकवर घातल्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

"मॅडम, मग गाणी लावूच नका ना." आज फोनवर तुमच्या माणसाने दिलेलं हे उत्तर. म्हणून आता लेखी.

तुमच्या लाइव्ह प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरचं वर्षाचं शुल्क मी एकाच सोयीसाठी भरलं. ट्विचवर लाइव्ह बघणाऱ्याला पहिला ट्रॅक जातो, साठवलेल्या व्हिडिओत दुसरा. गाण्याच्या सोर्ससमोरची दुसऱ्या ट्रॅकची टिक काढली की रिप्लेमध्ये फक्त माझा माइक आणि गेम राहतो. लाइव्हमध्ये गाणं वाजवायची परवानगी त्याने मिळत नाही, तो माझा प्रश्न. तुमच्या माणसाने ते मला समजावायची गरज नव्हती.

अपडेटनंतर मी बंद ठेवलेला 'डेस्कटॉप ऑडिओ' आपोआप सुरू झाला आणि सगळ्या ट्रॅकवर जाऊन बसला. त्यात कॉम्प्युटरवर वाजणारं सगळंच येतं, म्हणजे गाणंही. लाइव्हमध्ये तेच गाणं दोन वाटांनी पोचून बोगद्यातून आल्यासारखं घुमत होतं, तिथे शंका आली. दोन्ही ट्रॅक ठेवून एमकेव्ही रेकॉर्डिंग केलं, व्हीएलसीमध्ये दुसरा ट्रॅक निवडला. गाणं ठणठणीत!

तोवर व्हायचं ते झालं होतं. ट्विचने कॉपीराइटचं गाणं ओळखून रिप्लेचा तेवढा आवाज बंद केला: पट्टीवर लाल तुकडे, आणि त्यांत गाण्याबरोबर माझं बोलणंही गप्प. एकदा मिसळलेला आवाज टिक काढून मागाहून वेगळा होत नाही.

आता ते संभाषण. आधी इंटरनेटचा वेग विचारला. मग म्हणाले, हेडफोन लावा, स्पीकरचं गाणं माइकमध्ये जात असेल. हेडफोन लावलेलेच होते. मग, आवाज कमी करा. (हळू वाजलेलं गाणं ओळखलं जात नाही, असं यांना कोणी सांगितलं?) स्क्रीन दाखवली तर म्हणे, "टिक बरोबर आहे." त्यांनी पाहिली ती गाण्याची ओळ. मी म्हटलं, तिच्या वरची बघा, डेस्कटॉप ऑडिओची. उत्तर: "ती आमच्या चेकलिस्टमध्ये नाही, मॅडम." बरोबरच आहे, बिघाडाने आधी तुमची चेकलिस्ट वाचून यायला हवं होतं. आणि मग ते सोन्यासारखं वाक्य: गाणी लावूच नका.

ओबीएस हे असंच सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि त्यात हीच सोय आहे. पैसे मी तुम्हाला दिले, कारण तुम्ही 'एकदा सेट करा आणि विसरा' असं छापता. विसरले, आणि तुमच्या अपडेटने टिका बदलल्या. बंद केलेला सोर्स बंदच राहायला हवा, एवढं साधं आहे हे.

दुरुस्ती कधी येणार ते लेखी कळवा आणि उरलेल्या महिन्यांचे पैसे परत करा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवीन, दोन्ही ट्रॅकच्या रेकॉर्डिंगसकट. आणि यापुढे 'तुमचा अनुभव कसा होता?' असले मेसेज मला पाठवू नका.

एक शुल्क भरलेली ग्राहक