कायमचा पत्ता

पुणे, भाद्रपद

आई, अण्णा,

शि. सा. न. वि. वि.

वहिनी, आधी मोठ्याने वाचायला बस, आणि आईला चुलीपुढून उठव. तिला सांग, भाकरी करपणार नाही, पत्र लांबलचक आहे.

मी बरी आहे. खोलीत पंखा आहे, पाणी सकाळी साडेसहा ते आठ येतं. मेसचं जेवण सोडलं, आता मीच करते, त्यामुळे आई, तू विचारायच्या आतच सांगते : बाजरीचं पीठ मिळतं, फक्त आपल्यासारखं भरड नसतं. खर्डा संपला. त्याचं पुढे बघू.

मुद्द्याचं असं की कॉलेजच्या वार्षिक अंकात माझी कविता छापून येते आहे आणि ती तुमच्यावर आहे. छापल्यावर कुणीतरी फोनवर फोटो पाठवेल, त्याआधी माझ्याकडून कळावं. विषय अंकानेच दिला होता : पहिल्या पिढीचे स्थलांतरित. मॅडम म्हणाल्या, तू लिही, तू पहिल्या पिढीची आहेस. मी मान डोलावली, पण रात्रभर ते डोक्यात फिरत राहिलं. पहिली कशी? माझा जन्मच ऊसतोडीच्या टोळीतला. पाचवीत आजीकडे ठेवलंत तोवर माझी सगळी थंडी कोपीत गेली. गाव सोडून जाण्यात मी पहिली असेन तर तुम्ही कोण?

मग हिशोब केला. तुम्ही जात होतात, पण परत येत होतात. सरकारी कागदावर त्याला हंगामी स्थलांतर म्हणतात. जाऊन परत न येणारी आपल्यात मीच पहिली. हे मी तुम्हाला कधी तोंडाने सांगितलं नव्हतं. कवितेत आधी लिहिलं गेलं, म्हणून हे पत्र.

अण्णा, तुम्ही म्हणाल, कविता म्हणजे अभंगासारखी, यमक पाहिजे, चाल पाहिजे. ही मुक्तछंदात आहे. हे काही आमचं आजकालचं खूळ नाही, कवी अनिलांनी 1940 साली ‘भग्नमूर्ती’ हे अख्खं खंडकाव्य मुक्तछंदात लिहिलं. आजीची जात्यावरची ओवी आठवा. जात्याचा फेरा पुरा व्हायचा आणि ओळीत शब्द कमी पडायचे, तेव्हा ती ‘गं बाई’, ‘सांगते’ असं काहीतरी भरायची. फेरा ठरलेला, म्हणून ओळीची लांबीही ठरलेली. मुक्तछंदात जातं नाही. बोलताना आपण जिथे थांबतो तिथे ओळ तुटते. त्यामुळे ते सोपं वाटतं, आणि तिथेच फसायला होतं. भरीचा शब्द ओवीत खपतो, इथे लगेच उघडा पडतो.

माझा पहिला खर्डा 212 शब्दांचा झाला. अंकाची मर्यादा 60, शीर्षक धरून. एका पानावर चार कविता बसवायच्या असतात म्हणे. मी भांडले. मग लबाडीही केली. संपादक मुलगा शब्द संगणकावर मोजतो आणि संगणक फक्त मधली जागा बघतो. मराठीत विभक्ती शब्दाला चिकटते, म्हणून ‘कोपीत’ हा एकच शब्द, ते ठीकच आहे. पण मी ‘कुणाच्या तरी’ हे ‘कुणाच्यातरी’ असं जोडून एक शब्द वाचवला. त्याने ते पकडलं. असे चार-पाच शब्द वाचवून काय होणार होतं? खरोखरच दीडशे शब्द तोडायचे होते.

तोडायची कशी, ते मला कॉलेजने नाही शिकवलं. अण्णा, तुम्ही कोयता बुडाशी, जमिनीलगत घालायचात. वर खोडकी राहिली की मुकादम ओरडायचा, कारण साखर बुडाकडे जास्त. आणि शेंड्याचं वाढं हिरवंगार दिसतं, पण कारखान्याला नको असतं, ते जनावराला. माझ्या खर्ड्याच्या पहिल्या चौदा ओळी निव्वळ वाढं होत्या. ‘दुष्काळाच्या कुशीतून, पोटाची खळगी भरण्या’ असलं काहीतरी. ऐकायला छान, पण आपल्या घरातलं कुणी असं बोलतं का? ते आधी गेलं.

दुसरं गेलं ते 2020 सालचं. त्या वर्षी लॉकडाऊन नेमकं पाडव्याच्या दिवशी लागलं आणि तुम्ही तिकडेच अडकलात. एप्रिल अर्धा उलटल्यावर आलात. त्या आठवड्यांवर मी वीस ओळी लिहिल्या होत्या, आणि त्या चांगल्या होत्या, अजूनही वाटतं. पण कविता दरवर्षी होणाऱ्या गोष्टीची होती आणि ते एकाच वर्षाचं होतं. दोन्ही ठेवलं तर वाचणारा त्या एका वर्षाकडेच बघत राहतो. वहीत ठेवलंय ते, टाकलेलं नाही.

वहिनी, पुढचा एक परिच्छेद नंतर वाच, आईला एकटीला, अण्णा पारावर गेल्यावर.

आई, त्यात तुझ्या पिशवीच्या ऑपरेशनच्या सहा ओळी होत्या. संपादकाला त्या फार आवडल्या. तो म्हणाला, इथे आकडा टाक, वजन येईल. 2019 साली सरकारने समिती नेमून आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यात तेरा हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली, तो आकडा. मी लिहून पाहिला. आकडा आला आणि तू ओळीतून गेलीस. तेरा हजारांत तू कुठली, ते मलाच दिसेना. मग पूर्ण कडवंच काढलं. संपादकाला सांगितलं, मर्यादेत बसत नाही. ते खोटं होतं. ते तुझं आहे, तुला विचारल्याशिवाय कुणाला द्यायचं नाही, एवढंच कारण. तू तेव्हा ऑपरेशननंतर दुसऱ्याच महिन्यात मोळी डोक्यावर घेतलीस, मी आजीकडे पाढे म्हणत होते. मला सांगितलंसुद्धा नाहीस. रागावत नाही मी. कंबर दुखते का अजून? खरं सांग.

आता सगळ्यांसमोर वाच. कविता अशी आहे :

कायमचा पत्ता

फॉर्मवर रकाना आहे :
कायमचा पत्ता.

अण्णा, आपला कायमचा पत्ता
दसऱ्याला ट्रकमध्ये चढायचा,
पाडव्याला उतरायचा.
मधले महिने
पाचटाच्या कोपीत,
कुणाच्या तरी रानात.

तुम्ही जाताना
दाराला कुलूप लावायचात,
किल्ली चुलतीकडे.
रोज रात्री आई विचारायची :
दिली ना किल्ली?

मी निघाले तेव्हा
दार उघडंच होतं.
कुणी काही विचारलं नाही.

तुम्ही अठ्ठावीस वेळा गेलात,
अठ्ठावीस वेळा आलात.
मी
एकदाच.

शीर्षक धरून 56 शब्द होतात, चार शिल्लक राहिले. संपादक म्हणाला, चार वापर, खाली कोयता आणि कोपीची टीप दे, शहरातल्या मुलांना कळायचं नाही. कोयता तर कवितेत नाहीच, त्याने वाचली की नाही देव जाणे. कोपीसाठीही टीप दिली नाही. ‘पाचटाच्या’ म्हटलंय, त्यात कळेल तेवढं कळेल.

अण्णा, तुम्ही बोटं मोजायला लागला असाल. अठ्ठावीसच आहेत. माझ्या जन्माच्या आधीची सात आजीने सांगितली होती, आणि तुमचा पाय मोडला ते वर्ष मी धरलेलं नाही. आधी तीस लिहिलं होतं, गोल आकडा म्हणून. पण तीस म्हटलं की अंदाज वाटतो आणि अठ्ठावीस म्हटलं की कुणीतरी मोजत बसलं होतं हे कळतं. आणि दसऱ्याच्याच दिवशी ट्रक नसायचा, मागेपुढे व्हायचं, हेही माहीत आहे. तिथे मात्र मी सणाचं नाव ठेवलं, तारीख नाही. एवढं चालवून घ्या.

‘कुणी काही विचारलं नाही’ ही ओळ काढावी की ठेवावी यावर मी आठवडा घालवला. ती तुम्हाला लागेल म्हणून भीती वाटते. त्या दिवशी तुम्ही बैलांना पाणी दाखवायला निघून गेलात आणि बराच वेळ आला नाहीत. बैल आधीच पाणी प्यालेले होते. मला दिसलं होतं, अण्णा. पण ते लिहायला गेले तर अकरा शब्द लागत होते आणि मग मीच सगळं समजावून सांगतेय असं होत होतं. न विचारण्यात रुसवा नव्हता, हे वाचणाऱ्याला नाही कळलं तरी चालेल. तुम्हाला ते माहीत आहे ना?

तो फॉर्म खरा आहे. नोकरी कायम झाली. मी इथेच राहणार आहे. खोलीचा करार केलाय आणि रेशनकार्ड इकडे करून घेतेय. त्यासाठी तिकडच्या कार्डातून माझं नाव कमी केल्याचा दाखला लागतो, तो दादाने तहसीलमधून आणायचा आहे. पाच किलो धान्य कमी होईल, त्याचे पैसे मी दर महिन्याच्या पैशांत वाढवून पाठवेन. इथे राहायचं तर कार्ड इथलंच बरं, दुसरं काही नाही. बदलीची आशा आहे का, असं आई विचारेल. नाही. खोटं कशाला सांगू. पण दिवाळीत येणार, पाडव्याला येणार, आणि या खेपेला आठ दिवस राहणार. नोकरीच्या फॉर्मवरच्या रकान्यात मी आपल्या गावाचंच नाव लिहिलंय, तेही कळवते.

आता ऐका. मुकादम उचल घेऊन दारात आला असेल किंवा येईल. घ्यायची नाही. एक रुपयासुद्धा नाही. एकदा घेतली की हंगाम संपेपर्यंत ती फिटत नाही, पुढच्या हंगामावर चढते, हे तुम्हीच मला सांगितलंत. दादा-वहिनी जाणार असतील तर तो त्यांचा विचार, पण ‘कोयता पुरा व्हायला एक माणूस कमी पडतंय’ म्हणून आईला कुणी चढवलंत तर मी तिथे येऊन ट्रकमधून उतरवेन. अण्णा, बीपीची गोळी सकाळी, रिकाम्या पोटी चहाबरोबर नाही, डॉक्टरांनी सांगितलं तशी. गोळ्या संपायच्या आधी फोन करा, संपल्यावर नाही. आई, घागर दोन खेपांत आण.

आणि खर्डा पाठवा. बरणी नको, फुटते. पिशवीत घालून गाठ मारून दादाबरोबर.

वहिनी, कविता आणखी एकदा वाच. घाईत वाचली असशील. ‘मी’ म्हटल्यावर थांब, मग पुढचं.

तुमची,
ताई