फेरनिविदेच्या सूचनेत खरे कारण लिहू द्या : मा. नगरविकास मंत्री यांना खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री महोदय,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूरचा. नोकरीची बहुतेक वर्षे एका सार्वजनिक संस्थेच्या निविदा शाखेत काढली. लिपिक म्हणून लागलो आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. या काळात निविदा रद्द केल्याच्या कितीतरी सूचना माझ्या हातून टाइप झाल्या आणि त्यातल्या बहुतेकींत एकच वाक्य असायचे : ‘सदर निविदा तांत्रिक कारणास्तव रद्द करण्यात येत आहे.’ तांत्रिक नसेल तर प्रशासकीय, तेही नसेल तर अपरिहार्य. या एका वाक्याबद्दल आपल्याशी बोलायचे आहे, कारण ते संस्थेला वाचवते असे आम्ही समजत होतो आणि प्रत्यक्षात तेच संस्थेला अडकवते.

एक प्रकरण सांगतो. सूचना मीच लिहिली होती, म्हणून चूक माझीही आहे.

पावसाळ्यात सखल भागात साचणारे पाणी उपसण्यासाठी चार पंपसंच घ्यायचे होते. निविदेच्या तांत्रिक तपशिलात प्रत्येक पंप 50 अश्वशक्तीचा लिहिला होता. दरपत्रकात, म्हणजे ठेकेदार ज्याला बीओक्यू म्हणतात त्यात, जुन्या कामाच्या फाइलवरून उचललेले 40 तसेच राहून गेले. निविदापूर्व बैठकीत कुणी विचारले नाही. तिघे पात्र ठरले, आर्थिक लिफाफे उघडले. एकाचा दर 31 लाख 60 हजार, दुसऱ्याचा 36 लाख 40 हजार, तिसऱ्याचा 37 लाखांच्या वर. पहिल्या दोघांत 4 लाख 80 हजारांचे अंतर बघून अभियंत्यांनी कागद पुन्हा काढले, तेव्हा उलगडा झाला. सर्वांत कमी दरवाल्याने 40 चा पंप धरला होता, बाकी दोघांनी 50 चा. तिघेही आपापल्या जागी बरोबर होते.

आता पुढे काय करायचे? कमी दरवाल्याला ‘त्याच भावात 50 चा दे’ म्हणणे शक्य नव्हते. लिफाफा उघडल्यावर कामाचे स्वरूपच बदलले तर निविदेला अर्थ उरत नाही. 40 चा पंप घेऊन भागवावे, तर संस्थेची गरज 50 ची होती. शिवाय उरलेले दोघे म्हणाले असते, 40 च चालणार होता तर आम्हीही कमी दर भरला असता. दोन्ही वाटा बंद झाल्या. निविदा रद्द करणे हाच सरळ मार्ग होता आणि सक्षम अधिकाऱ्यांनी तोच धरला. फाइलवरच्या टिपणीत हे सगळे नीट लिहिलेले होते. पण सूचना माझ्या टेबलावर आली आणि मी सवयीने लिहिले : तांत्रिक कारणास्तव.

तिसऱ्या दिवशी कमी दरवाला वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन आला. उद्यमनगरातला माणूस, स्वतःचे वर्कशॉप असलेला. कात्रण टेबलावर ठेवून त्याने विचारले, ‘‘साहेब, तांत्रिक कारण म्हंजे काय ओ? माझ्या पंपात काय खोट काढलीसा?’’ खोट त्याच्या पंपात नव्हती, आमच्या कागदात होती. पण वरिष्ठांना विचारल्याशिवाय बोलायची सोय नव्हती, म्हणून मी त्याला लेखी अर्ज द्यायला सांगितले. त्याचा समज पक्का झाला की दुसऱ्या कुणासाठी तरी आपले काम काढून घेतले. तो महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला गेला आणि वकील गाठून त्याने रिट याचिका दाखल केली.

उच्च न्यायालयात आम्ही प्रतिज्ञापत्रात पहिल्यांदा 40 आणि 50 चा घोळ सांगितला. समोरच्या वकिलांनी लगेच बोट ठेवले : हे कारण सूचनेत कुठे आहे? त्यांचा आधार जुना आणि भक्कम होता. 1977 च्या लोकसभा निवडणुकीत फिरोजपूर मतदारसंघाचे मतदान रद्द झाले होते. त्या मोहिंदरसिंग गिल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वैधानिक अधिकाऱ्याने कारण देऊन काढलेला आदेश त्यातल्या कारणांवरच तोलायचा, नंतर प्रतिज्ञापत्रातून नवी कारणे जोडून त्याला सावरता येत नाही. आमच्या नशिबाने टिपणी सूचनेच्या आधीच्या तारखेची होती. न्यायालयाने मूळ फाइल मागवून ती पाहिली आणि वाईट हेतू दिसत नाही म्हणून याचिका निकाली काढली. पण तोवर तीन महिने गेले होते. फेरनिविदा थांबलेली, पंप नाहीत. तो पावसाळा आम्ही भाड्याच्या डिझेल पंपांवर काढला. पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकली की राजाराम बंधाऱ्याचा आकडा दर तासाला विचारणारे नागरिक आणि कुठले पंप कुठे पाठवायचे हे फोनवर ठरवणारे आमचे अभियंते मला आजही आठवतात.

महोदय, कार्यालयांत एक समज घट्ट बसला आहे. प्रत्येक निविदेत ‘कोणतेही कारण न देता निविदा नाकारण्याचा अधिकार राखून ठेवला आहे’ अशी अट असते, म्हणून कारण लिहू नये; लिहिले तर ठेकेदाराला भांडायला हत्यार मिळते. त्या अटीने कारण न सांगण्याची मुभा मिळते, कारण नसण्याची मिळत नाही. ठेकेदार कोर्टात गेला की कारण द्यावेच लागते, आणि तेव्हा ते उशिरा सुचलेले वाटते. 2024 साली सर्वोच्च न्यायालयाने कोलकात्याच्या भुयारी मार्गांच्या प्रकरणात (सुबोध कुमार सिंग राठोर) दिलेला निकाल आपल्या विधी विभागाने प्रत्येक संस्थेला वाचायला द्यावा असे मला वाटते. तिथे काम दिल्यानंतर, निविदेत तांत्रिक दोष असल्याचे सांगून ते रद्द केले होते. न्यायालयाने आतल्या टिपण्या वाचल्या, लिहिलेले कारण आणि खरे कारण वेगळे असल्याचे पाहिले आणि रद्द करणे मनमानी ठरवले. तिथे काम देऊन झाले होते, आमच्याकडे फक्त दर उघडले होते. टप्पा जितका पुढचा, तितके कारण जास्त ठोस हवे.

मग सूचनेत काय लिहायला हवे होते? आज मला लिहायची असती तर मी अशी लिहिली असती :

‘चार पंपसंच पुरवणे व बसवणे या कामाच्या निविदा सूचनेतील तांत्रिक तपशील व दरपत्रकातील बाब क्र. 1 यांत पंपाच्या अश्वशक्तीबाबत वेगवेगळी नोंद आहे. त्यामुळे प्राप्त दरांची समान पायावर तुलना करणे शक्य नसल्याने, आर्थिक लिफाफे उघडल्यानंतरच्या टप्प्यावर सदर निविदा सक्षम प्राधिकाऱ्याच्या मान्यतेने, निविदा अटींनुसार रद्द करण्यात येत आहे. हा निर्णय कोणत्याही निविदाधारकाच्या पात्रतेबाबत किंवा कार्यक्षमतेबाबत मत व्यक्त करीत नाही. सर्व निविदाधारकांची बयाणा रक्कम परत करण्यात येईल. दोन्ही भागांत 50 अश्वशक्ती अशी दुरुस्ती करून फेरनिविदा प्रसिद्ध करण्यात येत असून, आधी सादर केलेले देकार विचारात घेतले जाणार नाहीत. पूर्वीच्या निविदाधारकांना नव्याने सहभागी होता येईल.’

यात चूक कुणाची हे लिहिलेले नाही. ‘संबंधित लिपिकाच्या हलगर्जीमुळे’ असे लिहिले की नुकसानभरपाईच्या दाव्याला आपल्याच हाताने पुरावा दिला जातो आणि चौकशी न होता त्या माणसावर ठपकाही बसतो. कुणाचा दर किती होता तेही नाही. कारण मात्र एकच आहे आणि कागद बघून कुणालाही तपासता येते. ‘इत्यादी कारणांमुळे’ हा शब्दप्रयोग मी कटाक्षाने टाळला असता, कारण भांडणारा वकील नेमका त्या इत्यादीतच शिरतो.

मत व्यक्त करीत नाही हे वाक्य त्या उद्यमनगरच्या माणसासाठी आहे. त्याला दुसऱ्या गावी काम मागायला जायचे असते आणि तिथे कुणीतरी विचारणारच, तुमची निविदा तांत्रिक कारणाने का गेली. हेच उलट बाजूनेही खरे आहे. समजा एका ठेकेदाराचा अनुभवाचा दाखला बनावट निघाला. तरी रद्द करण्याच्या सूचनेत त्याचे नाव आणि ‘बनावट’ हा शब्द घालू नये, कारण नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय तसा डाग लावता येत नाही. त्याची निविदा त्याच्यापुरती अपात्र ठरवावी आणि पुढची कारवाई स्वतंत्र करावी. त्यानंतर एकच पात्र निविदा उरली आणि समितीला स्पर्धा अपुरी वाटली, तर सूचनेत तेवढेच लिहावे. झारखंडच्या सीडब्ल्यूई-सोमा प्रकरणात 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने असाच निर्णय उचलून धरला होता.

आणखी एका सापळ्याबद्दल सावध करतो, कारण चांगल्या लिहिलेल्या सूचनेवरही तो पाणी फिरवतो. रद्द करताना कारण अश्वशक्तीचे सांगायचे आणि फेरनिविदेत हळूच उलाढालीची अट दुप्पट करायची. मग पहिल्या फेरीतला पात्र माणूस दुसऱ्या फेरीत दारातच अडतो आणि सूचनेतले खरे कारणही खोटे दिसू लागते. फेरनिविदेत दोष दुरुस्त व्हावा, बाकी अटी आहेत तशा राहाव्यात. आणखी काही बदलायचेच असेल तर त्याची वेगळी टिपणी आणि वेगळी मान्यता घ्यावी आणि तो बदल फेरनिविदेत उघड सांगावा. चूक आपल्या कागदाची असेल तर जुन्या निविदाधारकांकडून अर्जाची रक्कम पुन्हा घेऊ नये, असेही मला वाटते. रक्कम थोडीच असते, पण संस्थेचा सरळपणा त्यातून दिसतो.

हे सगळे आत्ता लिहिण्याचे कारण जवळचे आहे. 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झाले. आमच्या जिल्ह्यांनी त्यासाठी कित्येक वर्षे लढा दिला आणि मला त्याचा अभिमान आहे. पण त्यामुळे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या ठेकेदाराला आता याचिकेसाठी रात्रीची गाडी धरावी लागत नाही. ज्याला शंका आली तो सकाळी वकिलाकडे आणि दुपारी कोर्टात जाऊ शकतो. mahatenders.gov.in वर ‘Cancelled/Retendered’ अशी यादी सर्वांना उघडी असते. तिथे चढवलेला सूचनेचा कागद हीच त्याला संस्थेकडून मिळणारी पहिली माहिती असते.

माझी मागणी छोटी आहे. आपल्या विभागाने महानगरपालिका आणि नगरपरिषदांसाठी एक परिपत्रक काढावे. निविदा रद्द करण्याच्या मान्यतेच्या टिपणीतच सूचनेतले कारणाचे वाक्य शब्दशः लिहिलेले असावे आणि अधिकाऱ्याने त्यावर सही करावी. निविदा लिपिकाने तेच वाक्य उतरवावे. पोर्टलवर आणि वर्तमानपत्रात तेच जावे. ‘तांत्रिक’, ‘प्रशासकीय’, ‘अपरिहार्य’ एवढ्यावर भागवलेली सूचना लेखा विभागाने परत पाठवावी. आमच्या प्रकरणात ते वाक्य टिपणीच्या दुसऱ्या पानावर तयार होते. माझ्या टेबलापर्यंत येताना ते गळले. ते पान जोडून पाठवण्याची सक्ती असती, तर मी ते उतरवून घेतले असते.

आपला विश्वासू,
निविदा शाखेतील एक निवृत्त अधीक्षक, कोल्हापूर