प्रमाणपत्रांवरील मराठी नावे मोडत असल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या प्रतिनिधीने आज फोन ठेवल्यानंतर हे पत्र लिहीत आहे. आमच्या नाशिकच्या संस्थेतील ४१२ विद्यार्थ्यांची नावे एक्सेलमधून पीडीएफ साच्यात भरून एकगठ्ठा प्रमाणपत्रे काढण्यासाठी आम्ही आपले सॉफ्टवेअर घेतले. फाइल काही मिनिटांत तयार झाली, पण ‘सिद्धी’ची पहिली वेलांटी ‘स’च्या आधी न येता ‘द’ला चिकटली, ‘द्ध’चे जोडाक्षर सुटले आणि ‘हर्षदा’मधला रफार ‘ष’वर न चढता पाय मोडलेला ‘र’ होऊन शेजारी उभा राहिला.

प्रतिनिधीने प्रथम आमची यादी चुकीची ठरवली. त्यानंतर त्यांनी स्वतः ‘कमल’ हे नाव भरून पाहिले आणि “बघा सर, आमच्याकडे मराठी व्यवस्थित येते,” असे विजयी स्वरात सांगितले. ज्या नावात काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर यांपैकी काहीच नाही, ते बिघडणार तरी कसे? हे मी म्हणताच, “मग सगळी नावे इंग्रजीत टाका ना,” असा सल्ला मिळाला. विद्यार्थ्यांनी बारशाच्या वेळीच आपल्या कंपनीची परवानगी घ्यायला हवी होती, असे दिसते.

दोष कुठे आहे, हे आपल्याला ठाऊक असणारच. एक्सेलमध्ये ‘सि’ची वेलांटी ‘स’नंतरच साठवलेली असते; ती आधी दाखवणे, जोडाक्षर बांधणे, रफार पुढच्या अक्षरावर चढवणे हे काम पीडीएफ तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरने फॉन्टमधील नियम वापरून करायचे असते. आपले सॉफ्टवेअर ते न करता अक्षरे साठवलेल्या क्रमानेच छापते. त्यामुळे फॉन्ट फाइलमध्ये समाविष्ट करूनही उपयोग होत नाही आणि “दुसऱ्या रीडरमध्ये उघडून बघा” हा सल्लाही निरर्थक ठरतो, कारण आपण दिलेल्या सपाट पीडीएफमध्ये अक्षरांची आकृती व जागा आधीच पक्की झालेली असते.

खात्री करण्यासाठी आम्ही तीच यादी आणि तोच फॉन्ट घेऊन वर्डमध्ये मेल मर्ज केले. प्रमाणपत्राचे चित्र पानामागे ठेवले, नावाच्या जागी ‘नाव’ हा रकाना घातला आणि एकत्रित फाइल पीडीएफ म्हणून काढली. ‘सिद्धी’, ‘श्रद्धा’, ‘हर्षदा’ सर्व नावे शुद्ध आली. एवढे झाल्यावरही आमचीच यादी चुकीची म्हणायची असेल, तर तसे लेखी द्यावे.

आपल्या जाहिरातीत ‘सर्व भारतीय भाषा’ असे ठळक छापले आहे, आणि त्या शब्दांवर विश्वास ठेवूनच आम्ही वर्षभराचे पैसे भरले. पंधरा दिवसांत दुरुस्त आवृत्ती द्यावी किंवा संपूर्ण रक्कम परत करावी. अन्यथा ती जाहिरात व बिघडलेली पीडीएफ जोडून नाशिकच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल केली जाईल. दुरुस्ती झाल्याचे कळवताना चाचणी ‘कमल’वर घेऊ नये.

आपला ग्राहक,
कार्यालय प्रमुख, नाशिक