गिरणीला सुट्टी

मालवण,
२ ऑगस्ट

प्रिय विनू,

सप्रेम नमस्कार.

गिरणी संपात गावी परतलेल्या बापाबद्दल त्याचा आठ वर्षांचा मुलगा बोलतो, ती तुझी कविता मिळाली. शेवट पडतो आहे, पण का ते कळत नाही, असं तू लिहिलं आहेस. शेवट पडतो कारण मुलगा जे बोलत आला आहे त्यावर तिथे तुझाच विश्वास उरलेला नाही. मात्र गडबड त्याच्या बरीच आधी सुरू होते, म्हणून वरून खाली येतो.

सुरुवात उत्तम आहे:

बाबा आले.
गणपती अजून लांब आहेत.
ट्रंक आणली, वळकटी आणली,
खोलीतलं घड्याळसुद्धा आणलं.

चाकरमानी शिमग्याला येतो, गणपतीला येतो आणि रजा संपली की एसटी धरतो. अवेळी आलेला बाप ही मुलाला नुसती चंगळ वाटते, पण चार दिवसांसाठी येणारा माणूस मुंबईच्या भिंतीवरचं घड्याळ उतरवून आणत नाही. ते घड्याळ मुलगा मिरवतो आणि वाचणारा मनातल्या मनात खोली सुटल्याचं ओळखतो. एकाच वस्तूने दोघांना दोन बातम्या दिल्या आणि तू मध्ये तोंड घातलं नाहीस.

पुढची ओळ तर माझ्या मते कवितेचा कणाच आहे: 'आता मनीऑर्डर येत नाही. कोण पाठवणार? बाबा तर इथेच आहेत.' मुलाच्या डोळ्यांनी लिहिताना त्याला बावळट करण्याचा मोह फार होतो. म्हणजे पोस्टमन का येत नाही हे त्याला कळू नये, त्याने वाट बघत बसावं आणि आपण हळहळावं. तुझा मुलगा तसा नाही. त्याचा तर्क बिनचूक आहे. पाठवणारा घरी आला तर पैसे पाठवायचे कुणी? त्याच्याकडे अक्कल आहे, फक्त एक माहिती नाही: त्या पैशांवर घर चालत होतं. मुलगा आणि वाचणारा यांच्यातली दरी अशा एखाद्याच न कळलेल्या गोष्टीने पडते. मुलाला काहीच कळत नाही असं दाखवलंस की वाचणारा त्याच्याकडे वरून बघू लागतो आणि कविता गोड होऊन बसते.

आता बांगड्यांचं कडवं.

आईच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या.
पाटल्या वाजत नव्हत्या, या वाजतात.
पण आई हल्ली गप्प असते.

तिसरी ओळ काढ. ज्याला किणकिण आवडली आहे, त्याला 'पण' म्हणायचं काही कारण नाही. तो 'पण' तुझा आहे. असा सगळा खर्डा 'पण', 'मात्र', 'तरीही', 'का कुणास ठाऊक' हे शब्द शोधत एकदा वाचून काढ. मुलंही 'पण' म्हणतात, मात्र स्वतःच्या गाऱ्हाण्यासाठी: 'पण मला बॅट आणली नाही.' आईच्या दुःखाकडे बोट दाखवणारा 'पण' हा मोठ्या माणसाचाच हात. प्रत्येक ओळीला एक प्रश्न विचार: ही गोष्ट या मुलाला आत्ता का सांगावीशी वाटली? आनंद, फुशारकी, तक्रार, मोजणी, काहीही चालेल. 'वाचणाऱ्याला कळावं म्हणून' एवढंच उत्तर मिळालं तर ती ओळ गेली.

बापाच्या पहाटेच्या जागण्यालाही हेच लाव. 'भोंग्याच्या आठवणीने बाबा दचकून उठतात' असं तू लिहिलं आहेस. आठवणीने उठतात हे आठ वर्षांच्या पोराला दिसलं कुठे? त्याला दिसतं ते एवढंच की बाप कोंबड्याच्या आधी उठून पडवीत बसलेला असतो. मग त्याला शर्यत करू दे: 'कोंबड्याआधी बाबा उठतात. रोज बाबाच जिंकतात.' भोंगा लिहूच नको, वाचणाऱ्याला तो ऐकू येईल.

अर्थात आजच्या वाचणाऱ्याला तो ऐकू येईलच असं नाही, आणि खरी अडचण इथेच आहे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले कितीतरी रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या आपापल्या वाड्यांत परतले. आपल्या वयाच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पंचविशीतल्याला सांगावं लागतं. ते काम मुलाकडून करून घेतलंस की तो वर्तमानपत्र वाचल्यासारखा बोलू लागतो. शीर्षक त्याच्या तोंडचं नसतं, तिथे तुला बोलता येतं. 'गिरणीला सुट्टी' असं शीर्षक दे, त्याखाली बारीक अक्षरांत 'मे १९८२' एवढंच टाक. सुट्टी हा बापाने मुलाला दिलेला खुलासा असणार, म्हणजे घरातला एक मोठा माणूस काहीतरी झाकतो आहे हेही त्यातून निघतं.

तारीख दिलीस की डॉक्टरांची ओळ खुलेल: 'रात्री बाबा म्हणतात, डॉक्टर सगळं बघतील. आमच्याकडे आजारी कोण आहे?' संपाचे पुढारी दत्ता सामंत पेशाने डॉक्टर होते आणि कामगार त्यांना डॉक्टर म्हणत, हे ज्याला ठाऊक आहे तो इथे थांबेल. ज्याला ठाऊक नाही त्याला आईबापांपैकी कुणी आजारी असल्याची शंका येईल, आणि तीही वाया जाणार नाही. फक्त ही ओळ सुरुवातीला नको. मनीऑर्डर आणि बांगड्या होऊन गेल्या की टाक. पहिल्या खुणेला वाचणारा नुसता बघतो, दुसरीला शंका घेतो, तिसरीला त्याची खात्री होते. खात्रीनंतर असा चकवा पेलतो, आधी आला तर कविता दवाखान्याची वाटेल.

कवितेत एखादा मोठा माणूस आणून त्याच्याकडून सत्य वदवावं का, असंही तू विचारलं आहेस. वर्ड्‌स्वर्थच्या १७९८ च्या 'वी आर सेव्हन'मध्ये असा माणूस आहे. आठ वर्षांची मुलगी आपण सात भावंडं म्हणते. दोघं वारलीत, म्हणजे पाच, असं तो तिला परोपरीने सांगतो. पण तो नवी माहिती देत नाही. दोघं दफनभूमीत आहेत, त्यांची थडगी आईच्या दारापासून बारा-एक पावलांवर आहेत, हे तीच सांगते. तो नुसता हिशोब घालतो आणि शेवटी तीच आपलं 'सात' सोडत नाही. तुझा मुंबईचा काका मात्र येतो तोच बातमी घेऊन. त्याला परत पाठव.

आता शेवट. 'कुणी सांगेल का बाबांना, हा संप कधी संपेल?' संप आणि संपेल ही जुळणी कानाला लागते आणि तिथे मुलगा नाहीसाच होतो. शिवाय तो दुःखी होऊन संपतो. त्याचा आनंद वाढत जायला हवा, कारण वाचणाऱ्याला जे कळतं ते त्याच प्रमाणात जड होतं. तू मधल्या कडव्यात टाकून दिलेली ओळ खाली आण: 'वाडीत आता सगळ्यांचे बाबा आहेत. क्रिकेटला अकरा पुरतात, वर राखीवसुद्धा.' तोवर कविता एका घराची होती, इथे ती सगळ्या वाडीची होते. या ओळीनंतर काही लिहू नकोस.

राहिली भाषा. प्रमाण मराठीत मधूनच एक 'इलो' टाकून गावपण येत नाही. मालवणीत लिहायची तर अख्खी लिही, बापूस, घोव सगळं त्यातलंच, नाहीतर आहे तशी राहू दे. काळ वर्तमानच ठेव. दुसऱ्या कडव्यात 'तेव्हा मला वाटायचं' आलं आहे. त्या तीन शब्दांत मुलगा चाळीस वर्षांचा होतो आणि सगळं त्याला कळून चुकलेलं असतं. दुसरा खर्डा दिवाळी अंकाला धाडण्याआधी मला दाखव, काकाला वगळून.

तुझा,
सदू