चादर नको, स्लाइड शीट द्या

सोलापूरकरांनो, दान म्हटलं की आपला हात आधी चादरीकडे जातो. गेल्या हिवाळ्यात आमच्या परिचारिका मदत समितीकडेही चादरींचे गठ्ठे आले. त्या पांघरायला छानच आहेत. पण वॉर्डात चादरीची घडी रुग्णाखाली घालून त्याला वर ओढतात, आणि तिथेच सिस्टरांची कंबर जाते.

एका सिस्टरचीच गोष्ट घ्या. रात्रपाळी, डाव्या अंगाला पक्षाघात झालेले सत्तर किलोचे आजोबा उशीवरून पार खाली घसरलेले. सिस्टर आणि मावशी, दोघींनी बगलेत हात घालून ‘एक, दोन, तीन’ केलं. सिस्टरच्या कमरेत उसण भरली ती तीन आठवडे गेली नाही. आजोबांचा लुळा खांदाही दुखावला, कारण असा खांदा बगलेतून ओढणं सोसत नाही. निम्मं वजन गादीवरच राहिलं असं धरलं, तरी दोघींच्या वाट्याला प्रत्येकी साडेसतरा किलो आलं. रुग्ण उचलताना एका माणसासाठी सुमारे १६ किलोची मर्यादा सांगितली जाते, तीही भार अंगाजवळ असेल आणि रुग्ण साथ देत असेल तर. वाकून, हात लांबवून तेवढंही झेपत नाही.

स्लाइड शीट म्हणजे आतून गुळगुळीत, नळीसारखं शिवलेलं नायलॉनचं कापड. तिचे दोन थर एकमेकांवर घसरतात, म्हणून रुग्णाला उचलावंच लागत नाही. आधी खाटेचे ब्रेक लावायचे, डोकं सपाट करायचं, खाट वर-खाली होत असेल तर कमरेइतकी आणायची. रुग्णाला कुशीवर वळवून शीट खांद्यापासून नितंबापर्यंत सरकवायची. मग एक पाय पुढे, एक मागे ठेवून, हातांनी न खेचता अंगाचा भार मागच्या पायावर न्यायचा. टाचा घासत असतील तर त्यांच्याखालीही शीट हवी. काम झालं की ती लगेच काढायची. खाली राहिली तर रुग्ण पुन्हा घसरतो, कधी खाटेवरून पडतोही. आणि शीट सरकवण्यासाठी आहे, तिने उचलायचं नाही.

‘मग रुग्ण उचलायचं यंत्र, होइस्टच देऊ’ असं काही जण म्हणतात. एक आलंही होतं. त्याचे पाय आमच्या बुटक्या खाटांखाली जाईनात, रुग्णाला ज्यात उचलतात ती झोळी, म्हणजे स्लिंग, एकाच मापाची, आता ते कोपऱ्यात उभं आहे. होइस्ट द्यायचंच असेल तर आधी वॉर्डात येऊन खाटेखालची जागा मोजा, आणि दोन-तीन मापांच्या स्लिंग सोबत द्या.

सध्या एका वॉर्डासाठी १२ शीट हव्या आहेत: स्वतः हलू न शकणाऱ्या सहा रुग्णांसाठी प्रत्येकी एक, आणि ती धुण्यात असताना दुसरी. छत्रीच्या कापडाच्या घरी शिवून देऊ नका. शिवण केव्हा उसवेल सांगता येत नाही. फिजिओथेरपिस्ट मंडळींनी पैशांऐवजी शीट कशी वापरायची ते शिकवायला प्रत्येक पाळीला दोन तास द्यावेत. शीट किंवा रोख रक्कम समितीच्या कार्यालयात द्या, पावती मिळेल.